दीपावलीचे रंग आणि तीन उपरत्ने
गार्नेट, तोरमल्ली व पेरिडॉट यांची ओळख, पारख आणि निगा

धनत्रयोदशीच्या दिवशी गुंजभर का होईना पण सोने घरात यावे, पाडव्याला पत्नीच्या आणि भाऊबीजेला बहिणीच्या ओवाळणीच्या तबकात काही चिरकाल टिकणारे पडावे, ही आपल्याकडील घराघरांतील जुनी हौस आहे. या हौसेला रंगाची जोड द्यावी असे मनात आले, की दृष्टी साहजिकच माणिक आणि पाचू यांच्याकडे वळते. आणि त्यांची किंमत कानी पडताच तितक्याच साहजिकपणे ती परत फिरते. चांगला माणिक व चांगला पाचू ही आता मध्यम उत्पन्नाच्या गृहस्थाच्या आवाक्यातील वस्तू राहिलेली नाही. मग एक तर रंगीत काचेवर समाधान मानावयाचे, नाही तर तडे गेलेला, गढूळ आणि तेल मुरवून सजवलेला पाचू घ्यावयाचा, असे दोनच मार्ग पुष्कळांना दिसतात.

तिसराही मार्ग आहे. गार्नेट, तोरमल्ली आणि पेरिडॉट ही तीन उपरत्ने निसर्गसिद्ध आहेत, त्यांचे रंग मनोहर आहेत आणि त्यांतील बहुतेक प्रकारांचे मोल आजही आटोक्यात आहे. ती स्वस्त आहेत याचा अर्थ ती खोटी आहेत असा नव्हे. भूगर्भाने ती तुलनेने मुबलक दिली, एवढाच त्याचा अर्थ. मात्र या तिघांचे स्वभाव निरनिराळे आहेत. कोणता खडा अंगठीत शोभेल आणि कोणता कानांतच ठेवावा, हे ज्याने आधी जाणून घेतले नाही, त्याचे पैसे कमी गेले तरी मनस्ताप मात्र महागाचा होतो. म्हणून या सणाच्या निमित्ताने वाचकांस या तिघांची ओळख करून द्यावी असे आम्ही योजिले आहे.

डाळिंबाच्या दाण्याचे कूळ

गार्नेट हे नाव लॅटिन भाषेतील डाळिंबाच्या नावावरून आले, असे सांगतात. सोललेल्या डाळिंबाचा पिकलेला दाणा डोळ्यांसमोर आणला म्हणजे या नावाचे मर्म उमगते. उत्तर हिंदुस्थानातील जव्हेरी यालाच तामडा म्हणतात. राजस्थानात टोंक जिल्ह्याच्या परिसरात, तसेच ओडिशात आणि तेलंगणात हा खडा सापडतो व त्याला पैलू पाडण्याचे काम मुख्यत्वे जयपुरात चालते. त्याची परंपरा किती जुनी आहे पाहा. इसवी सनाच्या पाचव्या ते सातव्या शतकांत युरोपातील राजेरजवाड्यांच्या तलवारींच्या मुठींवर व आकड्यांवर जे तांबडे पातळ खडे जडवलेले आढळतात, त्यांतील पुष्कळसे हिंदुस्थानातून गेलेले गार्नेट होते, असे त्यांच्या रासायनिक परीक्षेवरून निश्चित झाले आहे.

गार्नेट हे एकच खनिज नसून ते एक मोठे कूळ आहे. स्फटिकाची घडण एकच. परंतु त्यात लोह, मॅग्नेशियम, मँगॅनीज, कॅल्शियम यांपैकी कोणते द्रव्य अधिक, यावर रंग ठरतो. लोहाचे प्रमाण अधिक असलेला अल्मंडाइन काळपट जांभळ्या झाकेचा तांबडा असतो. लोह आणि मॅग्नेशियम यांच्या मिश्रणातून होणारा रोडोलाइट पिकल्या जांभळाच्या गरासारखा गुलाबी-जांभळा दिसतो आणि या कुळातील परवडणाऱ्या खड्यांत आम्हांस तोच सर्वांत देखणा वाटतो. मँगॅनीजयुक्त स्पेसार्टाइन नारिंगी असतो. हिरवे गार्नेटही आहेत. टांझानियात १९६७ मध्ये प्रथम आढळलेला आणि पुढे केनियातील त्सावो अरण्याच्या नावाने प्रसिद्धी पावलेला त्साव्होराइट हा त्यांपैकीच. परंतु तो दुर्मीळ व महाग असल्यामुळे आजच्या आपल्या विषयात बसत नाही.

या कुळातील एक खडा मात्र आपल्या देवघराच्या अगदी जवळचा आहे. नवरत्नांत राहूचे रत्न म्हणून गणला जाणारा गोमेद हा हेसोनाइट नावाचा गार्नेटच होय. त्याचा रंग मधासारखा पिवळसर-तपकिरी ते दालचिनीसारखा असतो. ग्रहांच्या फलाफलाच्या वादात आम्ही येथे शिरत नाही. ज्याची त्याची श्रद्धा त्याच्यापाशी. परंतु श्रद्धेने घ्यावयाचा खडाही खरा असावा, याविषयी दुमत होणार नाही. गोमेदाची ओळख त्याच्या अंतरंगात आहे. भिंगातून पाहिले असता साखरेचा घट्ट पाक पाण्यात ओतल्यावर जशा वळणदार रेषा हेलकावताना दिसतात, तसा गोंधळलेला पोत त्याच्या पोटात दिसतो. काचेच्या नकली गोमेदात बहुधा वाटोळे बुडबुडे दिसतात, हा हेलकावता पोत सहसा दिसत नाही.

सिंहलद्वीपाची तोरमल्ली

तोरमल्ली या नावातच तिचे माहेर दडले आहे. हा शब्द सिंहली भाषेतील. अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी हे खडे लंकेहून युरोपात नेले, तेव्हा त्यांचा एक चमत्कारिक गुण ध्यानात आला. खडा तापवला की त्याच्या दोन टोकांना विद्युत्भार निर्माण होतो आणि तो राख, धूळ, कागदाचे कण आपल्याकडे ओढून घेतो. डच लोक त्याला राख ओढणारा खडा म्हणत. आजही जव्हेऱ्याच्या काचेच्या कपाटात, दिव्याच्या उष्णतेखाली ठेवलेल्या तोरमल्लीवर इतर खड्यांपेक्षा लवकर धूळ बसते.

रंगांच्या बाबतीत हिची बरोबरी करणारे रत्न क्वचितच असेल. गुलाबी, तांबडी, पोपटी, गर्द हिरवी, निळसर, पिवळी, तपकिरी आणि काळी अशा सर्व छटा तिच्यात आढळतात. एकाच स्फटिकात दोन-तीन रंगही असतात. आत गुलाबी आणि भोवती हिरवा, असा जो स्फटिक मिळतो त्याचा आडवा काप अगदी कलिंगडाच्या फोडीसारखा दिसतो व त्याच नावाने तो बाजारात ओळखला जातो. तांब्याच्या अंशामुळे विजेसारखा निळा-हिरवा झळकणारा, ब्राझीलच्या पराइबा प्रांताच्या नावाने प्रसिद्ध असलेला प्रकार मात्र अतिशय महाग असतो. तो 'स्वस्तात' मिळत आहे असे कोणी सांगितले, तर तेथेच सावध व्हावे.

तोरमल्लीचा एक स्वभाव ग्राहकाने अवश्य लक्षात ठेवावा. स्फटिकाच्या लांबीच्या दिशेने पाहिले असता तिचा रंग एक दिसतो आणि आडव्या दिशेने पाहिले असता दुसरा. हिरव्या खड्यात एका बाजूने पोपटी झाक, तर दुसऱ्या बाजूने काळपट हिरवी, असा भेद नुसत्या डोळ्यांनाही जाणवतो. काचेत असे कधी होत नाही. म्हणजे खडा बोटांत धरून हळूहळू फिरवणे हीच तोरमल्लीची पहिली परीक्षा होय.

ज्वालामुखीचे हिरवे लेणे

पेरिडॉटला एकच रंग ठाऊक आहे, तो हिरवा; आणि तोही पिवळ्याशी सलगी करणारा. कोवळ्या केळीच्या पानावर सकाळचे ऊन पडले म्हणजे जो रंग दिसतो, त्याच्या आसपासचा. हा रंग बाहेरून आलेल्या एखाद्या अशुद्ध अंशाचा नसून खनिजाच्या घटनेतीलच लोहाचा आहे. त्यामुळे तांबडा किंवा निळा पेरिडॉट संभवतच नाही. दिव्याच्या उजेडातही तो आपला हिरवेपणा टिकवतो, म्हणून सायंकाळी पूजेला किंवा समारंभाला घालण्यास तो विशेष खुलतो.

तांबड्या समुद्रातील, इजिप्तच्या ताब्यातील झबरगद हे छोटेसे बेट याची प्राचीन खाण होय. अरबी भाषेतील याचे नावही तेच, आणि आपल्याकडील जव्हेऱ्यांच्या बोलण्यातील जबरजद हे त्याचेच रूप. जर्मनीतील कोलोन येथील मुख्य चर्चमध्ये तीन राजांच्या स्मृतिपेटीवर जडवलेले मोठे हिरवे खडे शतकानुशतके पाचू समजले जात होते. ते पेरिडॉट असल्याचे पुढे उघडकीस आले. आज हा खडा म्यानमार, पाकिस्तान, चीन व अमेरिकेतील ॲरिझोना येथून येतो. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातही ऑलिव्हीन नावाने हेच खनिज असते. परंतु त्याचे कण इतके बारीक व बहुधा इतके विटलेले असतात, की त्यांतून दागिन्याचा खडा मिळत नाही.

कोण किती टिकाऊ?

आता मुख्य प्रश्न. रत्नांचा कठीणपणा मोजण्यासाठी फ्रीडरिख मोस या शास्त्रज्ञाने १८१२ मध्ये १ ते १० अशी एक श्रेणी ठरवली, ती आजही प्रमाण मानतात. हिरा १० वर, माणिक ९ वर, पाचू साडेसात ते आठवर. आपल्या तिघांत तोरमल्ली ७ ते साडेसात, गार्नेट प्रकारानुसार साडेसहा ते साडेसात, आणि पेरिडॉट साडेसहा ते ७.

या आकड्यांत ७ हा आकडा कळीचा आहे. कारण वाळूचा, म्हणजे क्वार्ट्‌झचा, कठीणपणा नेमका ७ असतो आणि आपल्या घरातील धुळीत वाळूचे सूक्ष्म कण नेहमीच असतात. जो खडा सातच्या खाली, त्याच्यावर फडक्याने धूळ पुसली तरी बारीक ओरखडे उमटतात. एका दिवसात ते दिसत नाहीत. परंतु दोन-चार वर्षे रोज वापरलेल्या पेरिडॉटच्या अंगठीकडे पाहिले, तर पैलूंच्या धारा बोथट झालेल्या आणि माथ्यावरची झळाळी धूसर झालेली आढळते. खडा नकली निघाला असे ग्राहकास वाटते व तो सराफावर रागावतो. वस्तुतः खडा अस्सलच असतो. त्याला बसवले मात्र चुकीच्या जागी.

कठीणपणा म्हणजेच चिवटपणा असेही नव्हे. तोरमल्ली ओरखड्यांना पुरून उरते. पण तिच्या पोटात बारीक चिरा आणि द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. एकाएकी उष्णता लागली की त्या चिरा वाढतात. पेरिडॉटलाही तापमानातील अचानक फरक सोसत नाही, आणि आम्लाची तर त्याला विशेष बाधा होते. गार्नेटच्या अंगी विशिष्ट दिशेने दुभंगण्याचा दोष नाही, त्यामुळे तिघांत तोच सर्वांत निर्धास्त. तरी दगडी ओट्यावर जोराने आपटल्यास त्याच्याही कडेचा टवका उडतो.

यावरून साधा नियम निघतो. पेरिडॉट कानांत किंवा गळ्यात घालावा. तेथे त्याचा कशाशी घासला जाण्याचा संबंध येत नाही. अंगठीसाठी तोरमल्ली किंवा गार्नेट निवडावे. पेरिडॉटची अंगठी हवीच असेल तर ती सणासुदीपुरती ठेवावी आणि खडा उघड्या नख्यांवर न बसवता चहूबाजूंनी सोन्याच्या कडेने वेढलेल्या कोंदणात बसवून घ्यावा. कोंदणाची पाठ मात्र उघडी असावी. पूर्वीच्या पद्धतीप्रमाणे पाठ बंद करून आत चकचकीत वर्ख घातला, तर फिकट खडाही गडद भासतो व जोडखडाही अखंड भासतो. शिवाय साबणाचे पाणी आत शिरून वर्ख काळा पडतो तो वेगळाच.

दुकानात काय पाहावे

खडा शक्यतो दिवसा घ्यावा. दुकानातील प्रखर दिव्यांखाली कोणताही खडा चमकतो. तो दुकानदाराच्या अनुमतीने दाराशी आणून, थेट उन्हात न धरता उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावा. गार्नेटच्या बाबतीत येथेच निवाडा होतो. जाड कापलेला अल्मंडाइन दिव्याखाली लालभडक दिसतो आणि साध्या उजेडात जवळजवळ काळा. असा खडा घेऊ नये. लहान असला तरी चालेल, पण ज्याच्या पोटातून तांबडा उजेड परत येतो तो घ्यावा.

दुसरी गोष्ट घाटाची. खडा छापील कागदावर टेकवून वरून सरळ पाहावे. मधोमध रंग उडाल्यासारखा दिसून खालची अक्षरे वाचता आली, तर पैलू फारच उथळ पाडले आहेत असे समजावे. अशा खड्यातून प्रकाश परत न फिरता आरपार निघून जातो. पसारा मोठा दिसावा म्हणून कारागीर कधीकधी असे करतात. याचा किमतीशी जवळचा संबंध आहे, म्हणून या दोषाकडे काणाडोळा करू नये.

तिसरी परीक्षा दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाची. असे जव्हेरी भिंग स्वतःपाशी ठेवणे कठीण नाही, आणि प्रामाणिक सराफ ते आनंदाने हाती देतो. पेरिडॉटमधून पलीकडच्या बाजूच्या पैलूंच्या धारा पाहिल्या, तर प्रत्येक रेषा दुहेरी दिसते. कारण प्रकाशाचा किरण त्यात शिरताच दुभंगतो. खडा थोडा तिरपा करून दोन-तीन दिशांनी पाहावे, कारण एका विशिष्ट दिशेने हा दुहेरीपणा लोपतो. हिरव्या काचेत मात्र कोणत्याही दिशेने रेषा एकेरीच राहते. तोरमल्लीतही रेषा दुहेरी दिसते, पण अंतर कमी असल्याने ती मोठ्या खड्यातच स्पष्ट होते.

गार्नेटला ही परीक्षा लागू पडत नाही. काचेप्रमाणेच त्यातही रेषा एकेरी दिसते. त्यासाठी निराळा उपाय आहे. निओडिमियम नावाचे छोटे, अतिशय बलवान लोहचुंबक आता सर्वत्र मिळते. सुटा तांबडा गार्नेट पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या चकतीवर ठेवून चुंबक त्याच्याजवळ नेले, की त्यातील लोहामुळे चकती चुंबकाच्या दिशेने सरकू लागते. माणिक व तांबडी काच बहुधा जागची हालत नाही. गोमेदात लोह फार थोडे असल्याने तेथे ओढ क्षीण असते. तेव्हा त्याची ओळख वर सांगितलेल्या पोतावरूनच करावी.

जुन्या दागिन्यांत जोडखडा नावाची एक फसवणूक आढळते. वर खऱ्या गार्नेटची पातळ चकती आणि खाली हवी त्या रंगाची काच, असे दोन्ही वितळवून एकजीव करतात. माथा खऱ्या रत्नाचा असल्याने तो घासत नाही व पाहणारा फसतो. असा सुटा खडा पांढऱ्या कागदावर उपडा ठेवावा. खालची काच हिरवी किंवा निळी असली तरी कडेभोवती तांबडे वलय दिसते, आणि भिंगातून कडेवर दोन थरांची सांधरेषाही सापडते.

खड्यावर काही प्रक्रिया केली आहे काय, हेही विचारावे. गार्नेट आणि पेरिडॉट सामान्यतः निसर्गाने दिले तसेच विकले जातात. तोरमल्लीचे तसे नाही. गर्द हिरव्या खड्याचा काळेपणा तापवून कमी करतात, गुलाबी रंग किरणोत्सर्गाने गडद करतात आणि चिरा पडलेल्या तांबड्या खड्यांत राळेसारखे द्रव्य भरतात. यांतील शेवटची प्रक्रिया सर्वांत घातक. कारण उष्णतेने ते द्रव्य बिघडते व चिरा उघड्या पडतात. प्रक्रिया केलेली नाही असे विक्रेता म्हणत असेल, तर तसे पावतीवर लिहून घ्यावे. खडा मोठा असेल तर जयपूर व मुंबई येथील रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचा दाखला मागणेही योग्य ठरते.

रत्तीचा आणि ग्रॅमचा हिशेब

ग्राहक रंगात फसतो त्याहून अधिक वजनात फसतो. जगभर रत्ने कॅरेटवर विकली जातात. १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि ५ कॅरेट म्हणजे नेमका १ ग्रॅम. आपल्याकडे मात्र ग्रहरत्ने अद्याप रत्तीवर विकली जातात आणि रत्ती सर्वत्र सारखी नाही. सोनारांची जुनी रत्ती सुमारे १२१ मिलिग्रॅमची, तर रत्नांच्या बाजारात जी रत्ती चालते ती बहुधा १८२ मिलिग्रॅमच्या आसपास.

समजा, ५ रत्तींचा गोमेद १,००० रुपये रत्ती या भावाने ५,००० रुपयांस सांगितला. रत्ती मोठी असेल तर खडा सुमारे साडेचार कॅरेटचा भरेल आणि भाव कॅरेटला अकराशे रुपयांच्या आसपास पडेल. रत्ती लहान असेल तर खडा जेमतेम ३ कॅरेटचा आणि भाव कॅरेटला साडेसोळाशेच्या वर. शब्द एकच, रक्कम एकच. पदरात पडणारा माल मात्र दीडपटीने कमी-अधिक. म्हणून खडा आपल्यासमोर काट्यावर तोलून वजन कॅरेटमध्ये मागावे.

येथेच आणखी एक बारकावा सांगितला पाहिजे. तिन्ही खडे सारख्या आकाराचे असले तरी सारख्या वजनाचे नसतात. ज्या मापाचा तांबडा गार्नेट ४ कॅरेट भरेल, त्याच मापाचा पेरिडॉट सुमारे ३.३ आणि तोरमल्ली सुमारे ३.१ कॅरेट भरेल. तेव्हा कॅरेटच्या भावाची नुसती तुलना न करता लांबी-रुंदीही मिलिमीटरमध्ये विचारावी.

आता या सर्व गोष्टी एका खरेदीस लावून पाहू. एका भावास भाऊबीजेला बहिणीसाठी हिरव्या खड्याची अंगठी करावयाची आहे. बहीण नोकरी करून घर सांभाळणारी. अंगठी बोटात रोज राहणार. सराफाने त्याच्यापुढे दोन लंबगोल खडे ठेवले, दोन्ही ८ मिलिमीटर लांब व ६ मिलिमीटर रुंद. पहिला पेरिडॉट, अत्यंत तजेलदार. दुसरी हिरवी तोरमल्ली, जराशी गंभीर रंगाची, पण किमतीने अधिक. मन साहजिकच पेरिडॉटकडे ओढ घेते. परंतु रोजची अंगठी म्हटल्यावर निवड तोरमल्लीची व्हावी. किमतीतील फरक परवडत नसेल, तर अंगठीचा आग्रह सोडून त्याच पेरिडॉटचे लोलक गळ्यासाठी करावे. तेथे तो वर्षानुवर्षे असाच तजेलदार राहील.

समजा, त्याने तोरमल्ली घेतली. खडा फिरवून दोन छटा पाहिल्या, छापील कागदावर टेकवून घाट तपासला, वजन दीड कॅरेट भरले. अंगठी तयार होऊन आली आणि काट्यावर एकूण ४.३ ग्रॅम भरली. येथे पावती नीट वाचावी. दीड कॅरेट म्हणजे ०.३ ग्रॅम, म्हणून सोने ४ ग्रॅमच आहे. हिशेब सोपा जावा म्हणून सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरला, तर सबंध ४.३ ग्रॅमला सोन्याचा दर लावल्यास ३,००० रुपये उगाच जातात, आणि खड्याची किंमत वेगळी लावली असल्यास त्याचे मोल दोनदा दिले जाते. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, खड्याचे नाव, वजन व किंमत ही स्वतंत्र लिहिलेली असलीच पाहिजेत. हॉलमार्कचा शिक्का सोन्याच्या शुद्धतेची ग्वाही देतो, खड्याविषयी तो अवाक्षरही बोलत नाही, हेही विसरू नये.

सणाच्या दिवसांतील निगा

दिवाळीच्या कामांतच या खड्यांना अधिक धोका असतो. तांब्या-पितळेची पूजेची भांडी चिंचेने किंवा लिंबाने घासताना हातातील अंगठी उतरवून ठेवावी. वारंवार आम्ल लागले तर पेरिडॉटचा माथा निस्तेज होतो. न्हाणीघर धुण्याच्या तीव्र आम्लाचा तर त्याला स्पर्शही होऊ देऊ नये. अभ्यंगस्नानाचे तेल आणि उटणे खड्याच्या पाठीमागे साचले की उजेड आत शिरत नाही आणि खडा मेल्यासारखा दिसतो. तेव्हा स्नानापूर्वी दागिना काढावा. करंज्या-चकल्या तळून झाल्यावर तापलेला हात एकदम गार पाण्याखाली धरण्याची सवय असते. हातात तोरमल्ली किंवा पेरिडॉट असेल तर तीही टाळावी.

मळलेला खडा कोमट पाण्यात सौम्य साबण घालून, मऊ कुंचल्याने पाठीमागून स्वच्छ करावा आणि मऊ सुती कापडाने टिपावा. ध्वनिलहरींच्या यंत्रात किंवा वाफेने दागिने धुण्याची सोय काही दुकानांतून असते. हे तिन्ही खडे, विशेषतः तोरमल्ली व पेरिडॉट, त्या यंत्रात घालू देऊ नयेत. अंगठी सैल किंवा घट्ट करावयाची असल्यास सोनारास आधी खडा काढावयास सांगावे, कारण फुंकणीच्या ज्योतीने तो तडकतो. डब्यात हे दागिने हिऱ्याच्या वा माणकाच्या दागिन्यांपासून वेगळे, कापडी पिशवीत ठेवावेत. थोरांच्या शेजारी धाकट्यांच्या अंगावर ओरखडे उमटायचेच.

यंदा ओवाळणीचे तबक पुढे आले म्हणजे त्यात जांभळ्या झाकेचा एखादा रोडोलाइट, पोपटी तोरमल्ली किंवा केळीच्या कोंभासारखा पेरिडॉट पडावा. त्यासोबत वजन आणि नाव स्पष्ट लिहिलेली पावती घडी घालून डब्यात ठेवावी, आणि खडा कोणता व त्याला काय सोसत नाही, हे घेणारीला दोन वाक्यांत सांगावे.